हातमोज्यावरची तिरकी रेघ

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. काही वर्षं मी तिथे पोरांना फॅब्रिकेशनचं काम शिकवत होतो. वेल्डिंग, ग्राइंडिंग, ड्रिलिंग, खिडकीची ग्रिल, पाण्याच्या टाकीचा स्टँड, असलं काम. शिकायला येणारी पोरं बहुतेक वारली, कोकणा आणि ठाकूर घरांतली. दिवाळी झाली की घरची माणसं वीटभट्टीवर जायची आणि पोरं मागे राहिली तर आमच्याकडे यायची.

पहिल्याच वर्षी मी मुंबईहून सुरक्षाचिन्हांचा तयार संच आणला. निळ्या गोलात पांढरा चष्मा, निळ्या गोलात पांढरे हातमोजे, पिवळ्या त्रिकोणात काळी वीज, हिरव्या चौकोनात पांढरी फुली. सगळी चिन्हं दाराशी एका ओळीत लावली. दिसायला एकदम कारखान्यासारखं दिसत होतं. फोटो काढून मित्रांना पाठवल्याचंही आठवतं.

तिसऱ्या महिन्यात एका मुलाने ड्रिल मशीनवर काम करताना जाड कातडी हातमोजे घातले. ड्रिलचा बिट लोखंडात शिरतो तेव्हा लांबच लांब गुंडाळीसारखी चूर बाहेर पडते. तिला धार असते आणि ती बिटबरोबर फिरत असते. त्या चुरीने मोज्याच्या अंगठ्याचं टोक पकडलं. मशीन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर होतं, म्हणजे सेकंदाला १०. माणूस दचकून हात मागे घ्यायला निदान पाव सेकंद घेतो, तेवढ्यात अडीच फेऱ्या होऊन गेलेल्या असतात. नुसता हात असता तर कातडी कापली गेली असती, चार टाके पडले असते. मोजा मात्र फाटत नाही, तो गुंडाळला जातो आणि आतला हात घेऊन जातो. त्याचा अंगठा वाचला, पण वरच्या पेरात तो आजही वाकत नाही.

दवाखान्यातून परतताना जीपमध्ये तो मला म्हणाला, ‘सर, बोर्डावर होतं ना, मोजे घाला म्हणून.’

होतं. मीच लावलं होतं. वेल्डिंगला मोजे लागतातच, नाहीतर ठिणग्यांनी हात भाजतात. ड्रिल, लेथ अशा फिरत्या मशीनवर मोजे अजिबात चालत नाहीत. १९४८च्या कारखाना कायद्याचं २२वं कलमसुद्धा चालत्या मशीनजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत असं सांगत होतं. कायदा करणाऱ्यांना सैल कापडाचं भय माहीत होतं. मी मात्र दोन वेगळ्या मशीनचे दोन उलटे नियम एका दारावर एकाच चित्रात आटोपून टाकले होते. पोराने चित्र अगदी बरोबर वाचलं होतं.

त्यानंतर मी या चिन्हांच्या मागे लागलो. ती कुणी ठरवली, कधी ठरवली, आणि निळा म्हणजे ‘कर’ आणि लाल म्हणजे ‘करू नको’ हे कुणाच्या डोक्यातून आलं, हे मला हवं होतं.

शोधताना पहिली गोष्ट कळली ती अशी की प्रत्येक सुरक्षाचिन्हात दोन वेगवेगळ्या भाषा एकावर एक ठेवलेल्या असतात. आतलं चित्र सांगतं की विषय काय आहे: हात, डोळा, वीज, आग. बाहेरचा आकार आणि रंग सांगतो की त्याबद्दल करायचं काय. चित्र ही संज्ञा आहे, आकार-रंग हे क्रियापद आहे. चित्र बघून ओळखता येतं. क्रियापद मात्र शिकावंच लागतं, कारण निळ्या गोलात ‘घाल’ असं म्हणणारं निसर्गतः काहीही नाही.

आणि हे क्रियापद नेहमी असंच नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत लाखो नवखी माणसं एकदम कामाला लागली. फेबर बिरेन नावाचा एक रंगसल्लागार तेव्हा ड्यूपाँ कंपनीबरोबर कारखान्यांतल्या रंगांवर काम करत होता. त्या काळातल्या अशा कामातून १९४५ साली तिथे धोक्याच्या खुणांसाठी रंगांचं एक मानक निघालं. लाल आगीच्या सामानासाठी, नारिंगी मशीनच्या धोकादायक भागांसाठी, पिवळा ठेच लागणं, पडणं, आपटणं यांसाठी, हिरवा प्रथमोपचारासाठी. आणि निळा? निळा म्हणजे ‘दुरुस्ती चालू आहे, मशीन सुरू करू नको’. आज जो रंग ‘हे करच’ म्हणतो, तो तेव्हा ‘हात लावू नकोस’ म्हणत होता.

युरोपात वेगळी वाट होती, ती रस्त्यांवरून आली. १९०९ साली पॅरिसमध्ये मोटारींसाठी चार धोक्याच्या पाट्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरल्या: उंचवटा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. तिथून पुढे हळूहळू त्रिकोण म्हणजे सावध, लाल गोल म्हणजे मनाई, निळा गोल म्हणजे सक्ती ही रस्त्याची भाषा घडत गेली. कारखान्यांनी पुढे आकार उचलले ते या भाषेतून. आपल्याकडे तेव्हाच्या भारतीय मानक संस्थेने १९८० साली आयएस ९४५७ हे सुरक्षेच्या रंगांचं आणि चिन्हांचं मानक काढलं. १९८४ साली आयएसओ ३८६४ आलं आणि चौकट जगभरासाठी पक्की झाली. मनाईला लाल कडं आणि तिरकी रेघ, सक्तीला निळी भरीव चकती, इशाऱ्याला काळ्या काठाचा पिवळा त्रिकोण, सुटकेच्या वाटेला आणि प्रथमोपचाराला हिरवा चौकोन. आत कुठली चित्रं घालायची याची जागतिक यादी, आयएसओ ७०१०, त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, २००३ साली आली. म्हणजे क्रियापदं आधी ठरली आणि संज्ञा मागून.

आता हे सगळं घेऊन जव्हारच्या शेडमध्ये उभे राहा. इथल्या पोराने त्रिकोण आणि रंग आधी कुठे पाहिलेत?

घाटात पाहिलेत. पण आपल्या रस्त्यावरचा धोक्याचा त्रिकोण पांढरा असतो, त्याचा काठ लाल. पिवळा-काळा नाही. त्यांच्या आईबापांनी लाल त्रिकोण सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पाहिला होता, टोक खाली केलेला. १९६०च्या दशकाच्या शेवटी दीप त्यागी यांच्या मोहिमेतून आलेला तो ‘लाल तिकोन’ इतका घरोघरी पोचला की आमच्या एका मुलाच्या बापाला मी कोपऱ्यातला त्रिकोण दाखवून ‘हे काय?’ विचारलं, तर तो लाजून हसला आणि म्हणाला, ‘ते पाळणा लांबवायचं ना?’ माझ्या हातातल्या त्रिकोणाचं टोक वर होतं आणि रंग पिवळा होता. त्याला आठवला तो आकार. देशातल्या सर्वांत यशस्वी चित्रचिन्हांपैकी एक त्याच्या मनात आधीच त्रिकोणाच्या जागेवर बसलेलं होतं.

खरा घोळ मात्र रंगांचा होता आणि तो शेतातून आला होता. कीटकनाशकाच्या बाटलीवर तुम्ही तिरका ठेवलेला चौकोन पाहिला असेल, पतंगासारखा. १९७१च्या कीटकनाशक नियमांत तो ठरला. चौकोनाचे दोन त्रिकोण होतात. वरच्या त्रिकोणात शब्द किंवा कवटी, खालच्या त्रिकोणात रंग. लाल म्हणजे अतिजहाल विष, पिवळा म्हणजे त्याखालोखाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे सौम्य. लक्षात घ्या, हिरवा म्हणजे सौम्य विष, निर्धोक नव्हे. निळ्याच्या वरसुद्धा धोक्याचाच शब्द असतो. तोच हिरवा आमच्या शेडमध्ये ‘इकडे ये, इथे मलमपट्टी आहे’ म्हणत होता आणि बिस्किटाच्या पुड्यावर ‘शाकाहारी’. एका घरात, एका दिवसात, एका रंगाचे तीन अर्थ.

माझं मत असं झालंय की रंगांचे अर्थ ‘सगळ्यांना माहीत असतात’ हे वाक्य कुठल्याही प्रशिक्षण पुस्तिकेतून काढून टाकावं. इथे लाल म्हणजे कुंकू, पिवळी म्हणजे हळद, हिरवा म्हणजे चुडा. तिन्ही रंग लग्नाचे आहेत. धोका त्यात आपण आणून घालतो, आणि घालायचा असेल तर तो पहिल्याच दिवशी दहा मिनिटं बसवून शिकवावा लागतो, जशी फूटपट्टी शिकवतो तशी.

मग चित्राचं काय? तिथे तरी पोरं आपोआप वाचतील असं मला वाटत होतं. या चित्रांचा इतिहास व्हिएन्नापर्यंत जातो. ओटो न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९२५ साली तिथे एक संग्रहालय काढलं. कामगारांना घरं, पगार, आजार यांचे आकडे चित्रांतून समजावेत हा त्याचा उद्देश. गेर्ड आर्न्ट्झ या चित्रकाराने त्याच्यासाठी लिनोलियमवर कोरून हजारो आकृत्या केल्या: सपाट, एकरंगी, खोली नसलेल्या, अनावश्यक एकही रेघ नसलेल्या. आज विमानतळावरचा बाथरूमचा माणूस त्याच घराण्यातला आहे. न्यूराथ आणि आर्न्ट्झचं सूत्र साधं होतं: जे कामाचं नाही ते काढून टाका.

हे वाचून मला वाटलं, अरे, हे तर इथल्या भिंतीवर केव्हाचं आहे. लग्नघरात सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून धड होतं, वर गोल डोकं, काडीचे हातपाय. खोली नाही, सावली नाही, एकच पांढरा रंग. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी इथल्या चित्रकारांच्या हाती कागद दिला आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर गेलं. पण त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या ती चित्रं बायकांच्या हातात होती. माझ्या डोक्यात कल्पना आली: सुरक्षाचिन्हंच वारली शैलीत करू.

वर्गात एक मुलगा होता, त्याची आजी चौक लिहायची. त्याला मी म्हणालो, ड्रिलमध्ये हात अडकलाय असं काढ. त्याने पाच मिनिटांत काढलं. उभं मशीन, त्याच्यापुढे वाकलेला माणूस, मागे दोघंजण धावत येतायत, बाजूला एक झाड आणि कोंबडी. माणूस कळत होता, त्याची धडपड कळत होती, कोंबडीसुद्धा कळत होती. पण हात? हात म्हणजे एक रेघ. वारली माणसाला बोटं नसतात. नाचणाऱ्याला, पेरणाऱ्याला, तारपा वाजवणाऱ्याला ती लागत नाहीत, शरीराचा बाक सगळं सांगतो. आमचा धोका मात्र नेमका बोटांत होता.

दुसरी अडचण त्रिकोणाची. पिवळ्या इशाऱ्याच्या त्रिकोणात त्याने माणूस बसवला तेव्हा त्रिकोणात त्रिकोण झाले. शेजारच्या पोराने ते बघून विचारलं, ‘हा मोठा माणूस आहे का, अर्धा?’ त्याच्या दृष्टीने प्रश्न बरोबर होता. त्याच्या चित्रभाषेत त्रिकोण म्हणजे ‘सावध’ नसून अर्धं शरीर असतं.

मी ती कल्पना सोडली. वाईट वाटलं, पण सोडली. पाहुण्यांना दाखवायला ती फार छान होती, आणि तेवढ्यासाठीच मी ती आणखी काही महिने धरून ठेवली असती. ती चित्रभाषा कमी पडली असं नव्हे. ती गोष्ट सांगण्यासाठी आहे, आणि गोष्ट सांगायला वेळ लागतो. ड्रिलसमोर पोराकडे अर्धा सेकंद असतो.

चिन्हं बघून माणसाला काय कळतं हे बनवणाऱ्याला आधी कळत नाही, याचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. किरणोत्सर्गाचं चिन्ह तुम्ही ओळखता: पिवळ्यावर तीन पाती आणि मधे ठिपका. ते १९४६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलेच्या प्रयोगशाळेत जन्मलं, तेव्हा पाती जांभळट-गुलाबी होती आणि पार्श्वभूमी निळी. तिथल्या नेल्स गार्डनला पिवळा नको होता, कारण पिवळा जिथेतिथे वापरला जातो, त्याचा धाक उरत नाही. दोन वर्षांनी ओक रिज इथल्या लोकांनी निळा काढून पिवळा आणला, आणि तोच राहिला. रंगावरून एवढा खल झाला. पण ज्याने कधी अणुभट्टीचं नाव ऐकलं नाही त्याला तीन पाती बघून काय वाटेल हा प्रश्न गंभीरपणे विचारला जायला अर्धशतक गेलं.

मी आमच्या पोरांना तारापूरचं नाव न घेता ते चिन्ह दाखवलं. उत्तर आलं: पंखा. एक म्हणाला, एक्झॉस्ट फॅन, इथे हवा चांगली असणार.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून लिलावात निघालेलं जुनं उपकरण पोचलं. आत कोबाल्ट-६० होतं. भंगारवाल्यांनी ते कापलं. अनेकजण किरणोत्साराने आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. आमच्या शेडमध्ये सरावाचं लोखंड भंगारातूनच यायचं, त्यामुळे ती बातमी आम्ही वेगळ्या कानांनी ऐकली होती.

त्याआधी तीन वर्षं, फेब्रुवारी २००७ मध्ये, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि आयएसओ यांनी एक नवं चिन्ह जाहीर केलं होतं. लाल त्रिकोण, वर त्या तीन पात्यांतून निघणाऱ्या लहरी, खाली कवटी, आणि बाणाच्या दिशेने पळणारा माणूस. हे करायला पाच वर्षं लागली. ११ देशांतल्या १,६५० लोकांना, वेगवेगळ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या, नमुने दाखवून विचारण्यात आलं. त्यात भारतही होता. मला त्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते ती त्याची जागा. हे चिन्ह दारावर लावायचं नसतं. ते उपकरणाच्या आत, स्रोताच्या जवळ असतं. रोज वापरणाऱ्याला ते दिसतच नाही. जो कुणी ते उघडून कापायला बसेल, नेमका त्यालाच आणि नेमक्या त्या क्षणी ते दिसतं.

माझी दारावरची रांग आठवली आणि कान गरम झाले.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. पहिलं काम, दारावरची सगळी चिन्हं काढली. प्रत्येक चिन्ह त्याच्या मशीनवर गेलं. मोज्यांची निळी चकती वेल्डिंगच्या पडद्यावर, चष्म्याची ग्राइंडरवर. ड्रिलच्या खांबावर मोज्यांची मनाई हवी होती, लाल कडं आणि तिरकी रेघ. आयएसओच्या यादीत ती आहेच, पण माझ्या संचात नव्हती. म्हणून एका पेंटरकडून रंगवून घेतली.

दुसरं काम, विचारणं. चिन्ह तपासायची रीत ठरलेली आहे आणि ती घरीही करता येते. एकेकाला वेगळं बोलावायचं, म्हणजे ऐकून उत्तर देणार नाही. चिन्ह कुठे लावलेलं असेल ते सांगायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे: याचा अर्थ काय? हे बघून तू काय करशील? पर्याय द्यायचे नाहीत. अमेरिकन मानकाची कसोटी कडक आहे: शंभरातल्या ८५ जणांना बरोबर कळलं पाहिजे, आणि उलटा अर्थ काढणारे पाचांहून जास्त नकोत. वीस पोरांच्या वर्गात याचा अर्थ १७ बरोबर आणि उलटा फारतर एक. न कळणं आणि उलटं कळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला कळलं नाही तो निदान विचारतो. ज्याला उलटं कळलं तो खात्रीने चुकतो, माझ्या त्या मुलासारखा.

आमचं ड्रिलवरचं चिन्ह सपशेल नापास झालं. एकाहून जास्त पोरांनी सांगितलं, ‘मोजे घालायचे. बरोबर आहे म्हणून सरांनी खूण केलीय.’ आधी मला कळेचना. मग पाटी नीट पाहिली. आयएसओची रेघ वर डावीकडून खाली उजवीकडे जाते, ४५ अंशांत. पेंटरने ती उलटी, खाली डावीकडून वर उजवीकडे मारली होती. उजव्या हाताने झपकन रेघ ओढली की ती तशीच येते. आणि शाळेच्या वहीत लाल पेनाने तशीच वर जाणारी रेघ म्हणजे ‘बरोबर’. भोवतालचा लाल गोल म्हणजे ‘महत्त्वाचं’. दहा वर्षं शाळेत जे शिकले तेच त्यांनी वाचलं. रेघेची दिशा हा मानकातला कोरडा तपशील आहे असं मला तोवर वाटायचं.

रेघ सुलटी केल्यावर उत्तरं सुधारली, पण उलटं वाचणारे एक-दोन उरलेच. तेव्हा मनाईच्या खाली आणखी एक पिवळा त्रिकोण लावायचं ठरलं: का नको ते सांगणारा. आतलं चित्र त्या आजीवाल्या मुलानेच काढलं, यावेळी वेगळ्या तऱ्हेने. त्याने पत्र्यावर स्वतःचा पंजा ठेवला आणि खडूने भोवती रेघ ओढली. पाच बोटं, खऱ्या मापाची. त्यातला अंगठा बिटला टेकवला आणि बिटभोवती फिरणारा एक जाड बाण काढला. तो पंजा आम्ही छिन्नीने कापून स्टेन्सिल केलं. ‘हे बघून काय करशील?’ या प्रश्नाला एका नव्या मुलाने तोंडाने उत्तरच दिलं नाही. दोन्ही हात पाठीमागे नेले.

माप काढायला एक सोपं गणित आहे. चिन्ह जेवढ्या मीटरवरून दिसायला हवं त्या अंतराचा वर्ग करायचा आणि २००० ने भागायचं. उत्तर येतं ते चिन्हाचं किमान क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये. ड्रिलचं चिन्ह चार मीटरवरून दिसलं तरी पुरे: १६ भागिले २०००, म्हणजे ०.००८. हा साधारण १० सेंटिमीटर व्यासाचा गोल झाला, बशीहूनही लहान. तेच चिन्ह दारात, १२ मीटरवरून वाचायचं असेल तर ३० सेंटिमीटर लागतं. हे गणित चांगल्या उजेडातलं आहे. जुलैत जव्हारला भर दुपारी संध्याकाळ होते आणि वीज जाते, म्हणून आम्ही दुप्पट व्यास धरला. अंधारात आधी मरतो तो लाल, तो काळपट दिसायला लागतो. पिवळा बराच वेळ तग धरतो.

आणि लाल उन्हातही आधी मरतो. हे मला दोन वर्षांनी कळलं. मधल्या काळात मी दुसऱ्या ड्रिलसाठी छापील स्टिकर आणला होता, रेघ सुलटी, सगळं नियमाप्रमाणे. तो पश्चिमेच्या खिडकीसमोर होता. एका उन्हाळ्यात एक नवा मुलगा मशीनपाशी थांबून म्हणाला, ‘सर, इथले मोजे कुठेत?’ मी पाहिलं. लाल कडं आणि लाल रेघ उडून फिकट गुलाबी झाली होती, लांबून दिसतच नव्हती. काळी शाई उन्हाला दाद देत नाही. पांढऱ्या पाटीवर काळाकुळकुळीत हातमोजा तेवढा उरला होता. मनाईचं चिन्ह विटतं तेव्हा ते गप्प बसत नाही, उलटं बोलायला लागतं. इतर तीन प्रकारांत असं होत नाही. निळी चकती विटली तर पांढरं चित्र तिच्याबरोबरच नाहीसं होतं, हिरव्याचंही तसंच, आणि पिवळा विटला तरी त्रिकोणाचा काळा काठ टिकतो.

तेव्हापासून स्टिकर बंद. पत्र्याला प्राइमर, त्यावर ऑइलपेंट, लाल म्हणजे रंगाच्या दुकानात ‘सिग्नल रेड’ म्हणून मिळतो तो. दर दिवाळीच्या आधी, पोरं वीटभट्टीच्या मोसमासाठी पांगण्यापूर्वी, एक दिवस रंगाचा. मोजे ठेवायचा खिळा ड्रिलजवळून काढून वेल्डिंगच्या पडद्याआड ठोकला. मला वाटतं त्या खिळ्यानेच सगळ्या पाट्यांहून जास्त काम केलं असेल.

ज्याचा अंगठा वाकत नाही तो आता वाड्याला एका फॅब्रिकेशनच्या दुकानात आहे. गेल्या दिवाळीला आला होता. रंगकाम चालू होतं, म्हणून स्टेन्सिल पत्र्यावर दाबून धरायला बसला. दोन पाट्या झाल्यावर म्हणाला, ‘सर, हा पंजा मोठा झालाय आता माझ्यापेक्षा.’ मी म्हणालो, तुझा नाहीच तो. ‘माहितीय,’ तो म्हणाला, आणि तिसरा पत्रा ओढून घेतला.